सहामाही चक्रवाढ: अंगठ्याखाली गेलेले १०५ रुपये

भाचीने व्हॉट्सॲपवर एका गणिताचा फोटो पाठवला. पुस्तक स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं, पान मध्येच फुगलेलं, आणि एका ओळीवर तिचाच अंगठा. गणित असं होतं:

"एका व्यक्तीने बँकेत ४०,००० रुपये द.सा.द.शे. १० दराने १ १/२ वर्षांसाठी ठेवले. व्याजाची आकारणी … चक्रवाढ पद्धतीने होत असल्यास सरळव्याज व चक्रवाढव्याज यांतील फरक किती?"

टिंबं दिली आहेत तिथे अंगठा. खाली चार पर्याय: २०० रु., ३०० रु., ३०५ रु., ३२० रु. आणि सोबत मेसेज: "मामा, माझं २०० येतंय. पर्यायातही आहे. पण मागे उत्तर ३०५ दिलंय. छपाईची चूक आहे ना?"

छपाईची चूक नव्हती. गंमत म्हणजे तिच्या आकडेमोडीतही चूक नव्हती. अंगठ्याखाली "दर सहा महिन्यांनी" एवढे तीन शब्द होते, आणि त्या तीन शब्दांची किंमत १०५ रुपये. ती कुठून येते ते कळलं की असली गणितं सूत्र न आठवताही सुटतात, म्हणून जरा सावकाश बघू.

आधी सोपा भाग. सरळव्याजात बँक फक्त मूळ रकमेकडे बघते. ४०,००० वर वर्षाला शेकडा १० म्हणजे वर्षाचे ४,००० रुपये. दीड वर्षाचे ६,०००. व्याज वर्षातून एकदा मोजलं काय, दोनदा मोजलं काय किंवा शेवटी एकदम मोजलं काय, सरळव्याज ६,०००च राहतं, कारण मुद्दल तेवढंच राहतं. त्यामुळे गणितात "सहामाही" हा शब्द असो वा नसो, ही बाजू हलत नाही. जो काही फरक पडायचा तो दुसऱ्या बाजूला पडतो.

आता चक्रवाढ. "दर सहा महिन्यांनी चक्रवाढ" याचा अर्थ एवढाच, की दर सहा महिन्यांनी बँक व्याज काढते आणि ते तुमच्या हातात न देता मुद्दलात मिळवते. पुढच्या सहा महिन्यांचं व्याज या वाढलेल्या रकमेवर. इथे दोन गोष्टी एकदमच बदलतात आणि मुलं हमखास त्यातली एकच बदलतात. पहिली म्हणजे दर. शेकडा १० हा वर्षाचा दर आहे, सहा महिन्यांना त्याच्या निम्मा, म्हणजे ५. दुसरी म्हणजे हप्ते. दीड वर्षात सहा-सहा महिन्यांचे तीन हप्ते बसतात. म्हणजे हे गणित आता "शेकडा १०, दीड वर्ष" असं उरलंच नाही. ते "शेकडा ५, तीन वेळा" असं झालं.

पासबुकात असतात तशा तीन ओळी मांडून बघा:

| सहामाही | सुरुवातीची रक्कम | ५ टक्के व्याज | अखेरची रक्कम |
|---|---|---|---|
| पहिली | ४०,००० | २,००० | ४२,००० |
| दुसरी | ४२,००० | २,१०० | ४४,१०० |
| तिसरी | ४४,१०० | २,२०५ | ४६,३०५ |

एकूण व्याज २,००० + २,१०० + २,२०५ = ६,३०५. सरळव्याज ६,०००. फरक ३०५. पुस्तक बरोबर.

आठवीच्या पुस्तकातलं सूत्र वापरायचं तर तेही हेच सांगतं, फक्त R म्हणजे सहामाहीचा दर आणि N म्हणजे सहामाहींची संख्या असं समजून:

```
A = P × (1 + R/100)^N
A = 40000 × (1.05)^3 = 46305
```

सूत्राने उत्तर लवकर मिळतं, पण ३०५ कशाचे बनलेत ते त्यात दिसत नाही. म्हणून मी भाचीला सूत्र बाजूला ठेवायला लावलं आणि फक्त जादाच्या पैशांचा हिशोब करायला सांगितलं.

पहिल्या सहामाहीचे २,००० रुपये व्याज खात्यात जमा झालं. ही रक्कम पुढे दोन सहामाह्या खात्यात राहिली. दर सहामाहीला ५ टक्के म्हणजे १००. दोनदा १००, म्हणजे २००. दुसऱ्या सहामाहीत मूळ ४०,००० वर पुन्हा २,००० व्याज मिळालं. ते फक्त एक सहामाही खात्यात राहिलं, त्याचे १००. झाले ३००. आता राहिला शेवटचा बारकावा. दुसऱ्या सहामाहीत व्याजावर मिळालेले जे पहिले १०० रुपये, तेही तिसऱ्या सहामाहीत खात्यातच होते. त्यांच्यावर ५ टक्के, म्हणजे ५ रुपये. एकूण ३०५.

म्हणजे फरकात व्याजावरचं व्याज तीन वेळा आणि त्या व्याजावरच्या व्याजावरचं व्याज एकदा. पर्यायांत ३०० का ठेवलं होतं ते आता कळतं. शेवटचे पाच रुपये विसरणाऱ्यासाठी तो सापळा आहे. प्रश्न काढणारा माणूस चतुर आहे, त्याने चुकीचे पर्याय उगाच भरलेले नाहीत.

तोच हिशोब अक्षरांत लिहिला तर तीन हप्त्यांच्या कुठल्याही गणिताला चालतो. एका हप्त्याचा दर r (इथे ०.०५) धरला, तर:

```
फरक = P × r² × (3 + r)
    = 40000 × 0.0025 × 3.05 = 305
```

दोनच हप्ते असतील, म्हणजे एक वर्ष सहामाही चक्रवाढीने, तर हे आणखी सोपं होतं: फक्त P × r². ४०,००० वर ते १०० रुपये. एकच हप्ता असेल तर फरक शून्य. पहिल्या सहा महिन्यांत सरळ आणि चक्रवाढ यांत काहीच वेगळं नसतं, कारण व्याजावर व्याज लागायला आधी व्याज जमा व्हावं लागतं. चक्रवाढ म्हणजे पहिल्या दिवसापासून पैसा धावतो अशी अनेकांची समजूत असते, तिला इथे छेद जातो.

मग भाचीचे २०० कुठून आले? तिने व्याज वर्षाला एकदा मिळवलं जातं असं धरलं, आणि अंगठ्याखालचं दिसत नसताना तसं धरणं अगदी रास्त होतं. गणितात काहीच सांगितलं नसेल तर चक्रवाढ वार्षिक समजायची, असाच शिरस्ता आहे. वर्षाअखेर ४,००० व्याज जमा, रक्कम ४४,०००. उरलेल्या अर्ध्या वर्षाचं ५ टक्के म्हणजे २,२००. रास ४६,२००, चक्रवाढव्याज ६,२००, फरक २००. फक्त ४,००० रुपयांनी अर्ध्या वर्षात कमावलेलं ५ टक्के.

दोन उत्तरांमधले १०५ रुपयेही बोट ठेवून दाखवता येतात. सहामाही हिशोबात पहिले २,००० रुपये सहा महिन्यांनीच खात्यात आले, वर्षाअखेरची वाट बघत बसले नाहीत. त्या लवकर येण्यामुळे पहिल्या वर्षातच १०० जादा मिळाले आणि त्या १०० ने पुढच्या सहामाहीत ५ मिळवले. अंगठ्याखाली दडलेले १०५ ते हेच.

आता कॅल्क्युलेटरवाल्यांसाठी थोडं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घात काढायची सोय असते, त्यामुळे काहीजण सरळ १.१ चा दीडावा घात काढतात. उत्तर येतं ४६,१४७ रुपये ५९ पैसे. हे ना ४६,३०५ आहे, ना ४६,२००. पर्यायांत याच्या आसपासही काही नाही, म्हणून मुलं चक्रावतात. कारण असं, की घात दीड धरला की अर्ध्या वर्षाचा दर ५ टक्के न धरता सुमारे ४.८८ टक्के धरला जातो. असे दोन तुकडे एकावर एक चढले की बरोबर १० टक्के होतात. गणित म्हणून यात वावगं काही नाही, पण शाळेतली पद्धत वेगळी आहे. तिथे पूर्ण वर्षांना चक्रवाढ लावायची आणि उरलेल्या तुकड्याला त्या प्रमाणात सरळव्याज. परीक्षेत ही शाळेतली पद्धतच अपेक्षित असते.

याहून जास्त दिसणाऱ्या दोन चुका मात्र नुसत्या नजरेने पकडता येतात. हप्ते तीन केले पण दर १०च ठेवला, तर रास ५३,२४० येते. व्याज १३,२४०, म्हणजे सरळव्याजाच्या दुपटीहून जास्त. दीड वर्षात, शेकडा १० ने, हे शक्यच नाही. एवढ्या कमी मुदतीत चक्रवाढ सरळव्याजाच्या किंचितच पुढे जाते. उलट, दर ५ केला पण मुदत दीडच ठेवली, तर व्याज ३,०३७ च्या आसपास येतं, सरळव्याजाच्या जेमतेम निम्मं. एकापेक्षा जास्त हप्ते असताना चक्रवाढव्याज सरळव्याजापेक्षा कमी येऊच शकत नाही. म्हणून सरळव्याज आधी काढून ठेवावं. ते तोंडी निघतं आणि नंतरच्या उत्तरावर पहारा ठेवतं.

फोटोतल्या गणिताची आणखी एक गोष्ट आहे, ती छापील पुस्तक समोर असताना कधी जाणवत नाही. फोटोत आकडे बदलतात. "१ १/२" मधली मोकळी जागा नाहीशी होते आणि ते "११/२" दिसतं, म्हणजे साडेपाच वर्षं. देवनागरी १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, ५ चा ४ होतो, ६ चा ९ होतो. ४०,००० मधला स्वल्पविराम फिकट असेल तर ते ४,००,००० आहे की काय अशी शंका येते. मूळ पुस्तक हाताशी नसेल तर काय करायचं?

बऱ्याच वेळा गणितच आपली खूण देतं. साडेपाच वर्षं धरून बघा: अकरा सहामाह्या होतात, फरक येतो ६,४१३ रुपये ५७ पैसे. पर्याय दोनशे-तीनशेचे असताना हे उघडच चुकीचं आहे. चार लाख धरले तर फरक ३,०५०, कारण मुद्दल दसपट झालं की फरकही दसपट होतो. पर्यायांत ३०५ दिसल्यावर एक शून्य जादा वाचलं गेलं हे लगेच कळतं.

याहून सुंदर खूण मुद्दलातच लपलेली असते. गणितं रचणाऱ्यांना पैसे नको असतात, रुपये पूर्ण हवे असतात. ५ टक्के वाढ म्हणजे रक्कम २१/२० पट होणं. तीन वेळा केलं की ९,२६१/८,००० पट. म्हणजे दीड वर्ष, शेकडा १०, सहामाही चक्रवाढ असं गणित असेल आणि उत्तर पूर्ण रुपयांत यायचं असेल, तर मुद्दल ८,००० च्या पटीत हवं. ४०,००० हे ८,००० ची पाचपट आहे, आणि ९,२६१ ची पाचपट ४६,३०५. म्हणून अशा गणितांत ८,०००, १६,०००, २४,०००, ४०,०००, ८०,००० याच रकमा पुन्हा पुन्हा भेटतात. १०,००० धरून बघा, रास ११,५७६ रुपये २५ पैसे येते. पर्याय पूर्ण रुपयांत असतील तर ती रक्कम १०,००० नसावी असा अंदाज बांधता येतो.

याच कारणाने काही गणितांत १५,६२५ असं विचित्र मुद्दल दिसतं. बँकेत १५,६२५ रुपये ठेवायला कोण जातं? कोणी नाही. पण शेकडा ८ सहामाही, म्हणजे हप्त्याला ४ टक्के, म्हणजे २६/२५ पट, आणि २५ चा घन १५,६२५. हिशोब मग नीट उलगडत जातो: व्याज ६२५, मग ६५०, मग ६७६. रास १७,५७६, जो २६ चा घन आहे. चक्रवाढव्याज १,९५१, सरळव्याज १,८७५, फरक ७६. फोटोत तोच आकडा १५,८२५ असा वाचला गेला तर पहिलं व्याज ६३३ रुपये, दुसरं ६५८ रुपये ३२ पैसे. दुसऱ्याच ओळीला पैसे उगवले की मागे जाऊन आकडा परत बघायचा. ही खूण पक्की नव्हे. पैशांत उत्तर असलेली गणितंही असतात. पण पर्याय पूर्ण रुपयांत असतील तर ती सहसा दगा देत नाही.

यात एक पोटप्रकार परीक्षेत आवडीने विचारतात: फरक दिलेला, मुद्दल काढायचं. किंवा फोटोत मुद्दलच पुसट झालेलं. वरच्या सूत्राने उलट जाता येतं, पण सूत्राशिवायही जमतं. मुद्दल शंभर धरा. ५ टक्क्यांनी तीन हप्त्यांत चक्रवाढव्याज १५.७६२५, सरळव्याज १५, फरक ०.७६२५. शंभराला ०.७६२५ फरक, तर ३०५ फरक कितीला? ३०५ भागिले ०.७६२५, येतात ४००; गुणिले शंभर, ४०,०००. हे तुमच्या आजोबांनी त्रैराशिकाने सोडवलं असतं आणि कागदही लागला नसता.

इथवर पुस्तकाचं झालं. पण सहामाही चक्रवाढ ही केवळ परीक्षकांची कल्पना नाही. टपाल कार्यालयातल्या एनएससीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय बचत पत्रात, ती खरोखर होती. २०१५-१६ मध्ये पाच वर्षांच्या एनएससीचा दर ८.५ टक्के होता आणि चक्रवाढ सहामाही होती. म्हणजे हप्त्याला ४.२५ टक्के, दहा हप्ते. शंभर रुपयांचे पाच वर्षांनी १५१ रुपये ६२ पैसे. १ एप्रिल २०१६ पासून सरकारने एनएससी आणि किसान विकास पत्र यांची चक्रवाढ सहामाहीवरून वार्षिक केली, आणि त्याच वेळी एनएससीचा दर ८.१ टक्क्यांवर आणला.

तेव्हा लोक दर कमी झाल्याबद्दल बोलले, चक्रवाढ बदलल्याबद्दल फार कमी बोलले. दर ८.५ च ठेवून नुसती चक्रवाढ वार्षिक केली असती तरी १०,००० रुपयांचे पाच वर्षांनी १५,१६२ ऐवजी १५,०३७ झाले असते. सुमारे १२५ रुपये कमी, आणि जाहिरातीतला दर मात्र जसाच्या तसा. नव्या ८.१ च्या दराने १४,७६१ च्या घरात. म्हणजे जी चारशे रुपयांची घट झाली, तिचा तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास भाग नुसत्या एका शब्दामुळे होता. दर सगळ्यांना दिसतो, आकारणीचा शब्द मात्र बारीक अक्षरात असतो. फोटोत असो नाहीतर योजनेच्या पत्रकात.

इथे एक गोंधळ आवर्जून टाळावा. "व्याज सहामाही" आणि "चक्रवाढ सहामाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांत व्याज दर १ जानेवारीला आणि १ जुलैला खात्यात जमा होतं. त्यात व्याज साठवून शेवटी एकदम घेण्याचा पर्यायच नाही. म्हणजे रोख्याच्या बाजूने बघितलं तर हा सरळव्याजाचा व्यवहार. ते व्याज तुम्ही उचलून दुसरीकडे गुंतवलंत तर चक्रवाढ तुमच्या हातून होते, आणि तीही तिथे मिळेल त्या दराने. बँकेत दर तिमाहीला व्याज घरी नेणाऱ्या मुदत ठेवीचंही तसंच.

बँकेच्या साठवणाऱ्या मुदत ठेवीत सहसा चक्रवाढ तिमाही असते. आपलंच गणित घेतलं तर हप्त्याला अडीच टक्के, सहा हप्ते, रास ४६,३८७ रुपये ७४ पैसे. वार्षिकवरून सहामाहीला आल्यावर १०५ रुपये वाढले होते. सहामाहीवरून तिमाहीला आल्यावर फक्त ८३ च्या आसपास. दरमहा चक्रवाढ केली तर आणखी ५७, रास ४६,४४४ च्या जवळ. मग रोज केली तर? तासाला केली तर? वाढ होत राहते पण ती आटत जाते आणि ४६,४७३ रुपये ३७ पैशांच्या वर काही केल्या जात नाही. हप्ते कितीही बारीक केले तरी रकमेला छत आहे, हे याकोब बर्नुली या स्विस गणितीने सतराव्या शतकात चक्रवाढव्याजाच्याच प्रश्नातून दाखवलं होतं. तेव्हा "आमच्याकडे रोज चक्रवाढ" असं कोणी सांगितलं तर भारावून जायचं कारण नाही. तिमाहीच्या तुलनेत या रकमेवर दीड वर्षात ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांचा प्रश्न आहे. दरात अर्ध्या टक्क्याचा फरक असेल तर तो त्याहून कितीतरी मोठा पडतो. ४०,००० वर अर्धा टक्का म्हणजे दीड वर्षात नुसत्या सरळव्याजानेच ३०० रुपये.

शेवटी एक जाहिरातीचा प्रकार. सरळ आणि चक्रवाढ यांची सरमिसळ पुस्तकाबाहेर सगळ्यात जास्त इथे होते. समजा कोणी शेकडा १० दराने, सहामाही चक्रवाढीने पाच वर्षांची ठेव घेतो. दहा हप्ते ५ टक्क्यांचे, शंभराचे १६२ रुपये ८९ पैसे. व्याज ६२.८९. आता हे पाचने भागा: १२.५८. आणि फलकावर मोठ्या अक्षरांत "वार्षिक परतावा १२.५८ टक्के". आकडा खोटा नाही, पण तो चक्रवाढीने मिळालेलं व्याज सरळव्याजाच्या पद्धतीने वाटून काढलेला आहे. त्याची तुलना दुसऱ्या बँकेच्या १० टक्क्यांशी करणं म्हणजे एका बाजूला रास आणि दुसऱ्या बाजूला दर ठेवून तराजू धरणं. मुदत वाढवली की हा आकडा आपोआप फुगतो. तोच १० टक्क्यांचा दर दहा वर्षांना लावला तर सरासरी १६.५३ टक्के दिसेल, आणि ठेव मात्र तीच.

खरा तुलनेचा आकडा एका वर्षाचा असतो. ५ टक्के दोनदा, म्हणजे शंभराचे ११०.२५, म्हणजे वर्षाला १०.२५ टक्के. वार्षिक चक्रवाढीने तेवढंच मिळवायचं तर दर १०.२५ हवा. फलकावर १०.२५ च्या वर काही लिहिलेलं दिसलं तर मी काउंटरवर एकच विचारतो: चाळीस हजार ठेवले तर एका वर्षाने हातात नेमके किती मिळतील? १० टक्के सहामाहीला उत्तर ४४,१०० यायला हवं. पासबुकाच्या त्या तीन ओळींतली दुसरी ओळ बघा, अखेरची रक्कम तीच आहे.